साधी गोळी, जबर गोळी

मेडिकलच्या काउंटरवर जाऊन ‘कंबर दुखतेय, काहीतरी द्या’ म्हटलं की डायक्लोफिनॅकची नाहीतर अॅसिक्लोफिनॅकची पट्टी पुढ्यात येते. ती घेताना कुणी कचरत नाही. त्याच घरात डॉक्टरांनी मॉर्फिन लिहून दिलं तर सगळे गप्प होतात. अफूवर आलं म्हणजे आता शेवटच आला, असं न बोलता ठरून जातं. पहिली गोळी साधी म्हणून निरुपद्रवी, दुसरी जबर म्हणून विषारी, अशी ही पक्की समजूत आहे. औषधशास्त्राचे विद्यार्थी परीक्षेसाठी या दोन वर्गांच्या तुलनेचा तक्ता पाठ करतात. एका रकान्यात एनसेड, म्हणजे स्टेरॉइड नसलेली दाहशामक औषधं, आणि दुसऱ्यात ओपिऑइड, म्हणजे अफूच्या कुळातली औषधं. रुग्णाच्या अंगात मात्र हे रकाने वेगळे राहत नाहीत. कर्करोग हाडात उतरला की दोन्ही औषधं एकाच वेळी द्यावी लागतात, आणि कधी कधी एकाने मुकाट्याने केलेलं नुकसान दुसऱ्याच्या विषबाधेच्या रूपाने बाहेर पडतं. ते कसं होतं, हे एका रुग्णाच्या निमित्ताने पाहू. रुग्ण कल्पनेतली आहे, पण तिच्यासारख्या बायका कर्करोगाच्या कुठल्याही बाह्यरुग्ण विभागात भेटतात.

सुमनमावशी, वय 62. स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन आणि केमो होऊन काही वर्षं झालेली. गेले दोन महिने कंबर आणि उजवा खुबा आतून ठणकतो, रात्री जास्तच. शून्य म्हणजे दुखणं नाही आणि दहा म्हणजे असह्य, या मापाने किती दुखतं, असं विचारल्यावर त्या ‘पाच’ म्हणतात. तपासणीत कर्करोग हाडात पसरल्याचं दिसतं. तोवर त्यांनी डायक्लोफिनॅकच्या गोळ्या स्वतःच सुरू केलेल्या असतात. दिवसाला तीन, कधी चार. शिवाय रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन आणि लघवी वाढवणारं औषध अशी जोडगोळी रोज चालू आहे. पायांवर थोडी सूज आहे. डॉक्टर आधी त्या पिशवीतल्या सगळ्या पट्ट्या टेबलावर काढायला लावतात, आणि हे त्यांनी केलेलं सगळ्यात महत्त्वाचं काम आहे.

एनसेड नेमकं करतं काय? पेशींना इजा झाली की त्यांच्या आवरणातून अॅराकिडोनिक आम्ल सुटं होतं. सायक्लोऑक्सिजनेज नावाचं विकर, ज्याला सगळे ‘कॉक्स’ म्हणतात, त्या आम्लापासून प्रोस्टाग्लँडिन बनवतं. प्रोस्टाग्लँडिन स्वतः फारसं दुखवत नाही, पण दुखऱ्या जागेतल्या मज्जातंतूंची टोकं ते हळवी करून सोडतं. उन्हात भाजलेल्या खांद्यावर सदऱ्याचा नुसता स्पर्शही सहन होत नाही, तो या हळवेपणामुळेच. एनसेड कॉक्सला अडवतं, प्रोस्टाग्लँडिन बनणं कमी होतं आणि तंतूंचा हळवेपणा ओसरतो. लंडनमध्ये जॉन वेन यांनी 1971मध्ये अॅस्पिरिनच्या बाबतीत हे दाखवून दिलं. त्यासाठी त्यांना 1982चं नोबेल मिळालं, प्रोस्टाग्लँडिनवर काम करणाऱ्या बेरिस्ट्रॉम आणि सॅम्युएल्सन यांच्यासोबत. अॅस्पिरिन त्याआधी सत्तरेक वर्षं दुकानांत विकलं जात होतं.

म्हणजे एनसेडचं मुख्य काम दुखऱ्या जागेवरच चालतं. जिथे दाह आहे तिथे ते उत्तम चालतं: सांधे, दाढ, मुरगळलेला पाय, पाळीतल्या कळा. पाळीत गर्भाशय आकसतं तेही प्रोस्टाग्लँडिनमुळेच. हाडात उतरलेला कर्करोगही याच यादीत बसतो, कारण गाठीच्या आसपास हाड झिजवणाऱ्या पेशींची धामधूम असते आणि तिथे प्रोस्टाग्लँडिन भरपूर तयार होतं. पॅरासिटामॉल याच रांगेत धरलं जात असलं तरी त्याची गोष्ट निराळी आहे. ते मुख्यतः मेंदूत काम करतं, दाह फारसा कमी करत नाही, आणि ठरलेल्या मात्रेत पोटाला व मूत्रपिंडाला त्याचा उपद्रव कमी होतो. मात्रा ओलांडली की त्याचा तडाखा यकृताला बसतो.

एनसेडला एक मर्यादा आहे. ठरावीक मात्रेनंतर वेदनाशमन वाढत नाही, अपाय मात्र वाढत राहतो. मावशींनी तीनच्या चार गोळ्या केल्या तेव्हा त्यांनी आराम विकत घेतला नाही, फक्त धोका घेतला.

तो धोका येतो कुठून? प्रोस्टाग्लँडिन फक्त दुखण्यासाठी बनत नाही. जठरात ते आतल्या अस्तरावर श्लेष्माचा थर राखतं. रक्तातल्या बिंबिकांमध्ये त्याच कुळातलं थ्रॉम्बॉक्सेन रक्त गोठायला मदत करतं. या घरगुती कामांवर कॉक्स-1 आहे, दाहाच्या ठिकाणी कॉक्स-2 जास्त असतं. बहुतेक एनसेड दोघांनाही अडवतात. म्हणून जठरात व्रण होतो, आणि पुष्कळदा पोटात न दुखताच. डांबरासारखी काळी, चिकट शौचाला होते तेव्हा रक्तस्राव झाल्याचं कळतं. फक्त कॉक्स-2 अडवलं तर पोट वाचेल, या विचाराने नवी औषधं निघाली. पोट बऱ्यापैकी वाचलं, पण हृदयविकाराचा धोका वर आला. त्यातलं रोफेकॉक्सिब 2004मध्ये जगभरातून मागे घ्यावं लागलं. एटोरिकॉक्सिब आपल्याकडे आजही सर्रास लिहिलं जातं, म्हणून हृदयाचा त्रास असलेल्यांनी ही गोष्ट डॉक्टरांच्या कानावर घालायलाच हवी.

मूत्रपिंडाचं प्रकरण यापेक्षा गंभीर आहे, कारण तिथे काहीच दुखत नाही. अंगातलं पाणी कमी झालं की मूत्रपिंड प्रोस्टाग्लँडिनच्या मदतीने आत येणारी रक्तवाहिनी रुंद ठेवतं आणि गाळणीवरचा दाब टिकवतं. एनसेड ही सोय काढून घेतं. टेल्मिसार्टनसारखं औषध बाहेर जाणारी वाहिनी सैल करतं, त्यामुळे दाब दुसऱ्या बाजूनेही उतरतो. लघवीच्या औषधाने पाणी आधीच कमी झालेलं असतं. तिन्ही औषधं आपापल्या जागी योग्य असली तरी एकत्र आली की मूत्रपिंड कोलमडू शकतं. मावशींच्या पिशवीत हे तिन्ही होतं. (गिधाडांच्या बाबतीत जे घडलं त्याचीही मला इथे आठवण होते. गुरांना दिलेलं डायक्लोफिनॅक मेलेल्या जनावरांतून गिधाडांच्या पोटात गेलं आणि ती मूत्रपिंड निकामी होऊन मेली. गुरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर आपल्याकडे 2006मध्ये बंदी आली.)

मावशींचं क्रिएटिनिन सुदैवाने 1.1 निघतं. डॉक्टर डायक्लोफिनॅक बंद करतात. रक्तदाबाच्या जोडगोळीऐवजी अॅम्लोडिपिन देतात. मग पॅरासिटामॉल दिवसातून तीनदा, नॅप्रॉक्सेन 250 मिलिग्रॅम दोनदा आणि पोटासाठी पँटोप्रॅझोल सुरू होतं. पँटोप्रॅझोल जठराला सांभाळतं, मूत्रपिंडाला नाही, हे ते मुलीला मुद्दाम सांगतात. जागतिक आरोग्य संघटनेने 1986मध्ये कर्करोगाच्या वेदनेसाठी मांडलेल्या शिडीची ही पहिली पायरी.

या शिडीला तीन पायऱ्या आहेत. पहिलीवर पॅरासिटामॉल आणि एनसेड, दुसरीवर कोडीन किंवा ट्रॅमाडॉलसारखं सौम्य ओपिऑइड, तिसरीवर मॉर्फिनसारखं तीव्र. तिच्यासोबत सांगितलेले नियम मला शिडीहून मोलाचे वाटतात. शक्य तोवर औषध तोंडाने द्यावं. दुखायला लागण्याची वाट न पाहता घड्याळ पाहून द्यावं. मात्रा पुस्तकाप्रमाणे नव्हे, त्या माणसाप्रमाणे ठरवावी. 2018च्या सुधारित मार्गदर्शनात ‘शिडीने’ हा शब्द मूळ नियमांतून वगळला गेला आणि शिडी शिकवण्यापुरती उरली, कारण तीव्र वेदनेच्या रुग्णाला पायरी-पायरीने चढवत बसण्यात दिवस वाया जातात.

दोन आठवड्यांनी मावशींचा आकडा सहावर जातो. ट्रॅमाडॉल 50 मिलिग्रॅम दिवसातून चारदा जोडलं जातं. फिट येतात का आणि नैराश्याच्या गोळ्या चालू आहेत का, हे डॉक्टर आधी विचारतात. ट्रॅमाडॉल ओपिऑइड तर आहेच, शिवाय ते सेरोटोनिन आणि नॉरअॅड्रिनॅलिनही वाढवतं. त्याने झटके येऊ शकतात, आणि नैराश्याच्या काही औषधांसोबत ताप, थरथर, घालमेल असा धोक्याचा प्रकार होऊ शकतो. कोडीनची अडचण वेगळी. यकृतात त्याच्या थोड्या भागाचं मॉर्फिन होतं आणि तेच काम करतं. हे रूपांतर करणारं विकर काहींत जन्मतःच कमजोर असतं, त्यांना कोडीनने आराम पडत नाही. ज्यांच्यात ते फार जोमाने चालतं त्यांना साध्या मात्रेनेही विषबाधा होऊ शकते. सौम्य म्हणजे सुरक्षित असा याचा अर्थ नाही. मधली पायरी मला शिडीतली सगळ्यात कच्ची वाटते. बरेच डॉक्टर हल्ली ती टाळून थोड्या मात्रेत मॉर्फिनच सुरू करतात.

आठवड्याभरात आकडा आठ. मावशी रात्री बसून काढतात. आता मॉर्फिन.

जर्मन औषधविक्रेता झर्टुर्नर याने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला अफूतून मॉर्फिन वेगळं काढलं. ते शरीरात नेमकं कुठे बसतं हे मात्र 1973मध्ये कळलं, जेव्हा मेंदूत ओपिऑइडचे ग्राहक, रिसेप्टर, सापडले. खसखशीच्या बोंडातल्या रसासाठी माणसाच्या मेंदूत जागा का असावी, याचं उत्तर 1975मध्ये मिळालं. मेंदू स्वतःच तशी द्रव्यं तयार करतो, एन्केफेलिन हे त्यांतलं पहिलं.

मॉर्फिन दुखऱ्या जागेला जवळपास हात लावत नाही. हाडातली वेदना मज्जातंतूंतून मज्जारज्जूच्या मागच्या भागात येते आणि तिथे पुढच्या पेशीच्या हवाली होते. मॉर्फिन या हस्तांतराच्या जागी ‘म्यू’ रिसेप्टरवर बसतं. आणणाऱ्या तंतूच्या टोकात कॅल्शियम शिरणं थांबतं, म्हणून तो संदेशद्रव्य सोडत नाही. घेणाऱ्या पेशीतून पोटॅशियम बाहेर पडतं, म्हणून ती सहजी उत्तेजित होत नाही. मेंदूतून खाली येणारे वेदना दाबणारे मार्गही जागे होतात. त्यातूनही जी वेदना वर पोचते तिचा जाच कमी होतो. मॉर्फिनवरचे रुग्ण सांगतात, ‘दुखतंय, पण आता त्याचं काही वाटत नाही.’ एनसेडने असं कधी होत नाही.

इथे शिडीबद्दलचा मोठा गैरसमज दूर करायला हवा. तिसऱ्या पायरीवर चढताना ट्रॅमाडॉल सुटतं, कारण ते आणि मॉर्फिन एकाच रिसेप्टरवर बसतात. नॅप्रॉक्सेन सुटत नाही. ते हाडापाशी काम करतं, मॉर्फिन मज्जारज्जूत आणि मेंदूत. दोन्ही सोबत असली की मॉर्फिन कमी लागतं.

मात्रा अशी बसते. सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा या वेळी 5 मिलिग्रॅम, आणि रात्री दहाला दुप्पट, म्हणजे 10, म्हणजे रात्री दोनला उठवावं लागत नाही. दिवसाचे झाले 30 मिलिग्रॅम. मध्येच कळ आली तर दिवसाच्या मात्रेचा सहावा भाग, 5 मिलिग्रॅम, जादा घ्यायचा आणि वहीत वेळ लिहायची. दोन दिवसांनी वही पाहिली तर रोज तीन जादा डोस लागलेत, म्हणजे 15 मिलिग्रॅम. 30 आणि 15 मिळून 45. सहा भाग केले की नवा डोस 7.5 मिलिग्रॅम आणि रात्रीचा 15. मॉर्फिनला एनसेडसारखी मर्यादा नसल्याने अशी टप्प्याटप्प्याने वाढ करता येते. दोन दिवसांत मावशींचा आकडा तीनवर येतो आणि त्या आडव्या होऊन झोपतात.

“डॉक्टर, आईला याची सवय लागेल ना?” मुलगी विचारते.

“अंगाला लागेल, ताई. अचानक बंद केलं तर जांभया, नाक गळणं, पोटात कळा, जुलाब असा त्रास होईल. म्हणून बंद करायची वेळ आली की हळूहळू कमी करू. व्यसन म्हणजे नुकसान होतंय हे कळूनही त्या औषधाचा ध्यास लागणं. ते वेगळं. तुम्ही सध्या पोट साफ होण्याची काळजी करा.”

त्यांचं हे शेवटचं वाक्य अगदी रास्त आहे. मळमळ आणि गुंगी पहिल्या काही दिवसांत ओसरते, कारण शरीर त्यांना सरावतं. बद्धकोष्ठाला शरीर सरावत नाही. आतड्याच्या भिंतीतही म्यू रिसेप्टर आहेत आणि मॉर्फिन तिथली हालचाल मंदावतं. म्हणून पहिल्या दिवसापासून सोनामुखी किंवा बायसॅकोडिलसारखं, आतड्याला हलवणारं रेचक द्यायचं. घरोघरी असतो तो इसबगोल इथे चालत नाही. तो मळाचं आकारमान वाढवतो, आतडं ढकलत नाही. पाणी कमी प्यायलेल्या माणसात त्याचा बोळा अडकून बसतो.

ही गोळी मिळणं मात्र सोपं नसतं. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने अफू पिकते, गाझीपूर आणि नीमचच्या सरकारी कारखान्यांत ती जाते. तरीही 1985च्या अमली पदार्थ कायद्यानंतर परवान्यांच्या किचकट नियमांमुळे बहुतेक रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. 2014च्या दुरुस्तीने मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांसाठी देशभर एकच नियम केला. कागदावरचा अडसर कमी झाला, पण गावातल्या रुग्णाला आजही अर्ध्या पट्टीसाठी मोठ्या शहराची वाट धरावी लागते, आणि याचा मला संताप येतो. दुसरी बाजू लपवायची नाही. अमेरिकेत 1990च्या दशकापासून साध्या कंबरदुखीलाही तीव्र ओपिऑइड सढळ हाताने लिहिली गेली आणि त्यातून व्यसनाची व मृत्यूंची लाट उसळली. शिडी कर्करोगासाठी रचलेली होती. वर्षानुवर्षांच्या कंबरदुखीला ती तशीच लावणं ही चूक होती.

मावशींचे पाच आठवडे बरे जातात. मग वैशाखात त्यांना जुलाब लागतात. दोन दिवस खाणं-पिणं सुटतं, गोळ्या मात्र वेळेवर चालू. तिसऱ्या दिवशी त्या सारख्या झोपलेल्या. हाका मारल्या तर डोळे उघडतात, वाक्य अर्ध्यात तुटतं. हातपाय मधूनच दचकल्यासारखे उडतात. रुग्णालयात आणल्यावर बॅटरीच्या उजेडात बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या दिसतात. परिचारिका छातीवर नजर ठेवून पूर्ण मिनिटभर श्वास मोजते. ते सात भरतात. बारीक बाहुल्या, गुंगी, मंद श्वास, ही ओपिऑइडच्या विषबाधेची ठळक त्रयी.

मात्रा तर वाढवलेली नव्हती. मग? क्रिएटिनिन 2.6. जुलाबांनी पाणी गेलं आणि नॅप्रॉक्सेनमुळे मूत्रपिंडाला स्वतःला सावरता आलं नाही. यकृत मॉर्फिनपासून जे घटक बनवतं, त्यांतला मॉर्फिन-6-ग्लुकुरोनाइड मॉर्फिनसारखाच काम करतो आणि लघवीवाटे बाहेर जातो. वाट बंद झाल्यावर तो साठत गेला. हातपाय उडण्यामागेही असेच साठलेले घटक होते. ज्या गोळीला घरातले घाबरत होते तिने श्वास मंदावला खरा, पण त्याला कारण झाली ज्या गोळीला कुणीच घाबरत नव्हतं ती.

मॉर्फिन आणि नॅप्रॉक्सेन दोन्ही थांबवतात, सलाइन चालू होतं. ओपिऑइडला उतारा आहे, नॅलॉक्सोन. ते म्यू रिसेप्टरवरून मॉर्फिनला हुसकावतं. पूर्ण अँप्यूल एकदम दिलं तर सगळी वेदना एका क्षणात परत येईल. म्हणून 0.4 मिलिग्रॅम सलाइनमध्ये मिसळून 10 मिलिलीटर करतात आणि दर दोन मिनिटांनी एकेक मिलिलीटर देतात. तिसऱ्या मिलिलीटरनंतर श्वास अकरावर येतो. तिथेच थांबतात. नॅलॉक्सोनचा असर तासाभरात उतरतो, साठलेला घटक मात्र दुखऱ्या मूत्रपिंडातून निघायला कितीतरी जास्त वेळ घेतो. म्हणून रात्रभर दर थोड्या वेळाने श्वास मोजले जातात आणि पुन्हा दोनदा नॅलॉक्सोन द्यावं लागतं. एनसेडने बिघडवलेल्या मूत्रपिंडाला असा कुठलाही उतारा नाही. औषध काढून घ्यायचं, पाणी भरून द्यायचं आणि वाट पाहायची.

चार दिवसांत क्रिएटिनिन 1.5वर येतं. पुन्हा मॉर्फिन देत नाहीत. फेंटानिलचा पॅच लावतात, कारण त्याचे मूत्रपिंडातून जाणारे घटक निष्क्रिय असतात. 45 मिलिग्रॅम मॉर्फिनच्या जागी तासाला 12 मायक्रोग्रॅमचा सगळ्यात लहान पॅच, दर 72 तासांनी बदलायचा. असर चढायला 12 तासांहून जास्त लागतात, तेव्हा लगेच दुसरा लावायचा नाही. आणि त्यावर गरम पाण्याची पिशवी कधीही ठेवायची नाही, कारण उष्णतेने औषध भराभर त्वचेतून आत शिरतं. कंबर दुखते म्हणून शेक देणाऱ्या घरात हे दोनदा सांगावं लागतं.

नॅप्रॉक्सेन कायमचं बंद झालं. हाडापाशी काम करणारं आता काही उरलं नाही, म्हणून खुब्याला किरणोपचाराची एकच मात्रा, 8 ग्रे, दिली जाते. हाडातल्या अशा दुखण्याला ती पुष्कळदा पुरते. आराम यायला काही आठवडे लागतात. चौथ्या आठवड्यात मावशी खुबा दोनवर आल्याचं सांगतात, आणि त्याच वेळी दिवसा डुलक्या येत असल्याची तक्रार करतात. डॉक्टर ताबडतोब श्वास मोजतात. वेदना स्वतःच श्वासाला जागं ठेवते. ती गेली की कालपर्यंत बेताचा असलेला डोस आज जास्त ठरतो. श्वास चौदा, बाहुल्या बारीक पण पूर्वीइतक्याच. पुढचा पॅच लावायचा नाही असं ठरतं. जांभया, नाक गळणं, पोटात मुरडा यांवर लक्ष ठेवायला मुलीला सांगितलं जातं, आणि मावशी पॅरासिटामॉलवर, म्हणजे शिडीच्या पहिल्या पायरीवर, परत येतात.